व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओ आणि पंचनाम्यातला आकडा

प्रश्न : मी आमच्या सोसायटीची सचिव आहे. गेल्या महिन्यात १४ तारखेच्या रात्री गेटसमोर एका मोटारीने आमच्या वॉचमनला उडवलं आणि गाडी न थांबता निघून गेली. त्याच्या पायाचं हाड मोडलं आहे. गेटवरच्या कॅमेऱ्यात सगळं दिसतं. १५ तारखेला सकाळी सीसीटीव्हीवाल्याला बोलावून सात मिनिटांचा तुकडा पेनड्राइव्हवर घेतला आणि लगेच माझ्या लॅपटॉपवर कॉपी केला. सीसीटीव्हीवाल्याने तोच तुकडा फोनवर घेऊन आमच्या अध्यक्षांना व्हॉट्सॲपने पाठवला. १७ तारखेला पोलिसांनी पंचनामा करून पेनड्राइव्ह नेला. पंचनाम्यात फाइलच्या नावापुढे चौसष्ट अक्षरांचा एक आकडा लिहिला आहे. आता वकिलांच्या कार्यालयात अध्यक्षांच्या फोनवरच्या व्हिडिओचा ‘हॅश’ काढला, तर तो पंचनाम्याशी जुळत नाही. चालकाच्या बाजूचे लोक म्हणतात, व्हिडिओत फेरफार केला आहे. डीव्हीआरमधलं मूळ फुटेज आता निघून गेलं आहे. आमचं काय चुकलं? आणि पुरावा बाद झाला का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : फोनवरच्या व्हिडिओचा आकडा जुळला नाही यावरून फेरफार झाला असं मुळीच ठरत नाही. उलट तो जुळला असता तरच मला आश्चर्य वाटलं असतं. तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा तपशील तुम्ही जाता जाता लिहिला आहे, तो म्हणजे १५ तारखेलाच लॅपटॉपवर केलेली कॉपी. तिच्याकडे येतोच, पण आधी हा आकडा काय आहे ते पाहू.

संगणकावरची कुठलीही फाइल, मग ती पत्र असो वा व्हिडिओ, शेवटी बाइटांची एक लांबलचक ओळ असते. हॅश म्हणजे त्या ओळीतल्या पहिल्यापासून शेवटच्या बाइटपर्यंत प्रत्येकावर ठरावीक गणित करून निघणारा आकडा. एसएचए-२५६ या पद्धतीत तो नेहमी चौसष्ट अक्षरांचा असतो, फाइल चार ओळींची असली तरी आणि चार जीबीची असली तरी. फाइल तीच असेल तर कुठल्याही संगणकावर, कितीही वर्षांनी तोच आकडा येतो. एक बाइट बदलला तर आकडा थोडासा बदलत नाही, पार वेगळाच होतो. खाली एकाच शब्दाचे दोन हॅश आहेत. फरक फक्त पहिल्या अक्षराचा आहे.

```
hello  2cf24dba5fb0a30e26e83b2ac5b9e29e1b161e5c1fa7425e73043362938b9824
Hello  185f8db32271fe25f561a6fc938b2e264306ec304eda518007d1764826381969
```

म्हणून हॅश ‘किती बदल झाला’ हे सांगत नाही, ‘काय बदललं’ हेही सांगत नाही. त्याच्याकडे दोनच उत्तरं असतात : हीच फाइल, किंवा ही नव्हे. तुमचा गोंधळ इथूनच सुरू झाला. व्हिडिओ नेहमीसारखा पाठवला की व्हॉट्सॲप तो नव्याने दाबून लहान करतं. चित्राचे बारकावे कमी होतात आणि मूळ फाइलमधल्या बऱ्याच नोंदी गळून पडतात. पाहणाऱ्याला तीच गाडी आणि तोच वॉचमन दिसतो, पण बाइटांच्या हिशेबाने ती नवी फाइल असते. दोन्ही फाइलींचे आकार शेजारी ठेवून पाहा. सात मिनिटांचं फुटेज सेकंदाला अर्ध्या एमबीच्या हिशेबाने पेनड्राइव्हवर साधारण २१० एमबी भरेल. अध्यक्षांच्या फोनवर ते त्याच्या अगदी थोड्या अंशात बसलेलं असेल. हे दोन आकडेच सगळं सांगतात. हाच व्हिडिओ ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला असता तर जसाच्या तसा गेला असता आणि हॅश जुळला असता.

काय केल्याने हॅश बदलतो आणि काय केल्याने बदलत नाही, हे एकदा नीट लक्षात ठेवण्यासारखं आहे. फाइलचं नाव बदललं, ती दुसऱ्या फोल्डरमध्ये नेली, कॉपी केली, शंभर वेळा चालवून पाहिली, तरी हॅश तोच राहतो, कारण तो आतल्या मजकुराचा असतो. नाव आणि तारखा मजकुराच्या बाहेर लिहिलेल्या असतात. पण पुढचा-मागचा भाग कापून ‘सेव्ह’ केलं, व्हिडिओ आडवा-उभा फिरवून जतन केला, डीव्हीआरच्या खास फॉरमॅटमधून एमपी४ मध्ये बदलला, किंवा जागा वाचवणाऱ्या सेटिंगवर गूगल फोटोजमध्ये चढवून परत उतरवला, की ती वेगळी फाइल झाली. यातल्या कशातही वाईट हेतू असायची गरज नाही. बहुतेक वेळा कुणीतरी मदत म्हणूनच हे करतं.

आता तुमच्या लॅपटॉपकडे या. तो व्हिडिओ कुठल्याही एडिटरमध्ये उघडू नका. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून एवढंच लिहा, फाइलचा पत्ता अर्थात तुमचा घाला :

```
certutil -hashfile D:\CCTV\gate.mp4 SHA256
```

काही सेकंदांत आकडा येईल. तो पंचनाम्यातल्या आकड्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. नुसती पहिली चार-पाच अक्षरं पाहून समाधान मानू नका. हातानं लिहिलेल्या पंचनाम्यात `b` चा 6 होणं किंवा एखादं अक्षर गळणं मी एकाहून अधिक वेळा पाहिलं आहे. एकाच जागी फरक असेल तर तो लिहिण्यातला आहे हे जवळजवळ नक्की, कारण फाइल बदलली असती तर अख्खा आकडा बदलला असता. तरीही तो परस्पर सुधारायचा नाही. वकिलांमार्फत तपास अधिकाऱ्यांच्या लक्षात आणून द्यायचा.

दोन्ही आकडे जुळले, तर त्याचा अर्थ काय होतो तो शांतपणे पाहा. पेनड्राइव्हवरची आणि लॅपटॉपवरची प्रत १५ तारखेच्या सकाळी वेगळ्या झाल्या. १७ पासून एक पोलिसांच्या ताब्यात आहे, दुसरी तुमच्याकडे. पोलिसांकडे गेल्यानंतर कुणी पेनड्राइव्हवरच्या फाइलला हात लावला असता, तर ती पंचनाम्याशीही जुळली नसती आणि तुमच्या लॅपटॉपशीही. तुम्ही लॅपटॉपवर काही केलं असतं, तर तो पंचनाम्याशी जुळला नसता. एकमेकांवर ताबा नसलेल्या दोन हातांत एकच फाइल बाइटागणिक सारखी राहिली आहे. म्हणजे १७ तारखेनंतर बदल झाला नाही, हे तुमच्या शब्दावर विसंबून राहत नाही.

उरले १५ ते १७ हे दोन दिवस. तेव्हा दोन्ही प्रती तुमच्याच घरात होत्या. विरुद्ध बाजूचा हुशार वकील नेमका इथे बोट ठेवेल. तो म्हणेल, यांनी आधी फाइल बदलली आणि मग तीच दोन्हीकडे टाकली. हॅश याला उत्तर देऊ शकत नाही. हॅश काढल्या क्षणापासून पुढचं सांगतो. त्याआधी काय झालं याबद्दल तो पूर्ण मुका असतो. बनावट व्हिडिओचाही हॅश निघतो आणि तोही नेमाने जुळत राहतो. हे आकड्याच्या भरवशावर बसलेल्या पुष्कळ लोकांच्या ध्यानात येत नाही, म्हणून मी जरा जोर देऊन लिहिते आहे.

त्या दोन दिवसांचं उत्तर माणसांनी द्यायचं असतं. कोर्टात ज्याला चेन ऑफ कस्टडी म्हणतात, ती ताब्याची साखळी म्हणजे हेच. वस्तू कुणाकडून कुणाकडे, किती वाजता, कशी गेली आणि मधल्या वेळात कुठे होती, याचा कागद. सीसीटीव्हीवाला आला किती वाजता? त्याने कुठल्या कॅमेऱ्याचं, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंतचं फुटेज काढलं? त्याच्या भेटीची पावती किंवा गेटवरच्या रजिस्टरात सही आहे का? पेनड्राइव्ह नवा होता की आधी त्यावर काही होतं? तो कपाटात होता की पर्समध्ये, आणि किल्ली कुणाकडे होती? शिवाय लॅपटॉपवर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘क्रिएटेड’ची वेळ बघा. विंडोजमध्ये कॉपी केल्यावर तिथे सहसा कॉपी केल्याची वेळ पडते. ती १५ च्या सकाळची असेल तर ती तुमच्या बोलण्याला दुजोरा देते. एकटी ती तारीख फार भक्कम नाही, कारण लॅपटॉपचं घड्याळ कुणीही मागे नेऊ शकतं, पण सीसीटीव्हीवाल्याच्या जबाबाशी आणि गेटच्या रजिस्टराशी जुळली की तिला वजन येतं.

आणि अध्यक्षांच्या फोनवरची ती बदनाम झालेली प्रत? ती पुसू नका. पंचनाम्याच्या आकड्याशी ती कधीच जुळणार नाही, पण ती १५ तारखेला पोचली हे त्या संभाषणात दिसतं. पुढेमागे तज्ज्ञाला दोन्ही व्हिडिओ चित्रागणिक शेजारी ठेवून दाखवता येतं की दोन्हींत घटना तीच आणि त्याच क्रमाने घडते. १५ लाच दुसऱ्याच्या हातात गेलेली ती साक्षीदार आहे. फक्त तिला मूळ पुरावा म्हणून पुढे करू नका.

तुमची चूक म्हणाल तर एकच, आणि ती बहुतेक सगळ्यांकडून होते. आकडा १५ लाच काढून तुमच्या ताब्याबाहेर पाठवायला हवा होता. फुटेज पेनड्राइव्हवर उतरल्यावर तिथल्या तिथे हॅश काढायचा, कागदावर उतरवायचा, सीसीटीव्हीवाल्याची आणि आणखी एका सदस्याची वेळेसह सही घ्यायची. मग तो आकडा ईमेलने वकिलांना, समितीला, शक्य असेल तर पोलीस ठाण्याच्या अधिकृत पत्त्यावरही पाठवायचा, किंवा ठाण्यात दिलेल्या अर्जातच लिहून आवक शिक्का घ्यायचा. अनेक जण हॅशची टेक्स्ट फाइल त्याच पेनड्राइव्हवर ठेवतात. त्याचा काहीच उपयोग नाही. जो व्हिडिओ बदलेल तो शेजारचा आकडाही बदलेल. आकडा जितक्या लवकर आणि जितक्या परक्या हातात जाईल, तितका तो खरा उपयोगी. तुमच्या बाबतीत पोलिसांनी तो पंचनाम्यात लिहिला, त्यावर पंचांच्या सह्या आहेत, म्हणून १७ पासून तुम्ही भक्कम आहात.

डीव्हीआरबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण फुटेज ‘निघून गेलं’ असं तुम्ही म्हणता त्यात कुणाचा हात नसावा. डीव्हीआरची डिस्क भरली की तो सगळ्यात जुन्यावर नवं लिहायला लागतो. समजा तुमच्याकडे चार कॅमेरे आहेत आणि प्रत्येक सेकंदाला अर्धा एमबी लिहितो. एका कॅमेऱ्याचे दिवसाला ४३ जीबी होतात, चारांचे १७३. एक टीबीची डिस्क सहा दिवसही पुरत नाही. १४ च्या रात्रीचं चित्रण २० तारखेच्या सुमारास गेलं असणार. सीसीटीव्ही बसवताना ‘महिनाभराचं रेकॉर्डिंग राहील’ असं सांगितलेलं असतं. ते कमी दर्जाच्या चित्राच्या किंवा हालचाल झाली तरच टिपायच्या सेटिंगच्या हिशेबाने असतं. तुमच्या डीव्हीआरमध्ये सगळ्यात जुनी तारीख कोणती दिसते ते आजच पाहा, म्हणजे खरा आकडा कळेल.

एवढा गंभीर अपघात असेल तेव्हा उत्तम उपाय म्हणजे डीव्हीआर बंद करून त्यातली हार्ड डिस्कच काढायची आणि नवी बसवायची. सोसायटीला एका डिस्कचा खर्च येतो, कॅमेरे चालू राहतात आणि मूळ चित्रण जसंच्या तसं राहतं. काढलेल्या डिस्कवरचा सिरियल नंबर लिहून घ्या, पाकिटात घालून चिकटपट्टीच्या जोडावर दोघांच्या सह्या करा आणि पोलीस मागतील तेव्हा पाकीट न फोडता द्या. ती डिस्क उत्सुकतेपोटीसुद्धा घरच्या संगणकाला लावू नका. डीव्हीआर आपल्याच पद्धतीने डिस्कवर लिहितो. विंडोजला ते कळत नाही, मग तो ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का’ असं विचारतो. तिथे एक ‘हो’ पुरतो. प्रयोगशाळेत अशी डिस्क आधी लिहिणं रोखणाऱ्या उपकरणाला जोडतात, तिची पूर्ण प्रत काढतात, त्या प्रतीचा हॅश मूळ डिस्कशी जुळवतात आणि मगच प्रतीवर काम करतात.

डिस्क काढणं जमत नसेल आणि फुटेज उतरवूनच घ्यायचं असेल, तर दोन गोष्टी सांभाळा. डीव्हीआरच्या मूळ फॉरमॅटमध्ये घ्या, त्यासाठी लागणारा प्लेअरही सोबत घ्या, आणि पाहण्यासाठी एमपी४ हवी असेल तर ती वेगळी, वेगळ्या नावाने करा. शिवाय एकदाच काढा आणि पुढच्या सगळ्या प्रती त्या एका फाइलवरून करा. तोच सात मिनिटांचा तुकडा दुसऱ्यांदा एक्स्पोर्ट केला, तर काही डीव्हीआर फाइलमध्ये वेगळ्या नोंदी घालतात आणि चित्र सारखं असूनही हॅश वेगळा येतो. मग तुम्ही आज पडलात तशाच कोड्यात पुन्हा पडाल.

आणि घड्याळ. सोसायट्यांच्या डीव्हीआरची घड्याळं क्वचितच बरोबर असतात. समजा, पडद्यावर ११ वाजून ४० मिनिटं दिसताहेत आणि खरी वेळ ११:३३ आहे. चालकाने ११:३८ ला दुसऱ्या गावच्या टोलनाक्यावर असल्याची पावती आणली, की या सात मिनिटांवर सगळा खटला अडकेल. म्हणून फुटेज काढण्याआधी डीव्हीआरचा पडदा आणि शेजारी मोबाइलचं घड्याळ असा एकत्र फोटो घ्या आणि फरक लिहून ठेवा. घड्याळ आधी दुरुस्त केलंत तर तो फरक दाखवायची संधीच गेली. तुमच्या डीव्हीआरचं घड्याळ अजून कुणी बदललं नसेल, तर आजसुद्धा हा फोटो कामाचा आहे. त्यावर आजचीच तारीख राहू द्या. काही दिवसांनी असाच आणखी एक फोटो घेतला, की घड्याळ रोज किती सरकतं याचा अंदाज काढता येतो.

आता कोर्टाचा कागद. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असा व्हिडिओ पुराव्यात मांडताना एक दाखला जोडावा लागतो. जुन्या कायद्यात त्याला ६५-बीचं प्रमाणपत्र म्हणत, आणि कोर्टाच्या आवारात अजूनही तेच नाव ऐकू येतं. नव्या दाखल्याचे दोन भाग आहेत. भाग अ पुरावा देणाऱ्याने, भाग ब तज्ज्ञाने भरायचा. दोन्हींत उपकरणाचा मेक, मॉडेल, सिरियल नंबर येतो. हॅशचा आकडा आणि तो कुठल्या पद्धतीने काढला हेही येतं. सोबत हॅशचा अहवाल जोडायचा असतो. तुमच्या सहीचा दाखला पंचनाम्यातल्या फाइलचाच असू द्या. गडबडीत कुणी अध्यक्षांच्या फोनवरच्या फाइलचा आकडा त्यात भरला, तर चालकाच्या बाजूला आयताच मुद्दा मिळेल.

दाखला लवकर का घ्यावा, यासाठी जालन्याचं उदाहरण पाहा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तिथे अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं होतं की खोतकरांचा अर्ज दुपारी ३ ची मुदत उलटल्यावर दाखल झाला, आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या अधिकृत चित्रणात ते दिसतं. चित्रणाच्या सीडी कोर्टापुढे आल्या, पण वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिलं नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. पुढे १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला, पण त्याचबरोबर बजावलं की मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र सक्तीचं आहे. गोरंट्याल यांना सवलत मिळाली ती त्यांनी ते मिळवायचे सगळे मार्ग चोखाळले होते म्हणून. म्हणजे जो माणूस दाखला देऊ शकतो, तो जवळ आहे तोवर घ्यावा. तुमच्याकडे तो सीसीटीव्हीवाला आहे. आज तो फोन उचलतो, वर्षभराने त्याने धंदाही बदललेला असेल.

एक लहान शंका तुमच्या वकिलांनाही पडेल. दाखल्याच्या नमुन्यात एमडी५ आणि एसएचए-१ हे जुने पर्यायही छापलेले आहेत. ते चालतील का? एमडी५ मध्ये एकच हॅश असलेल्या दोन वेगळ्या फाइली मुद्दाम घडवता येतात हे २००४ मध्ये चिनी संशोधकांनी दाखवलं, आणि एसएचए-१ बाबत २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी व गूगलने. अशी जोडी आधीपासून ठरवून बनवावी लागते. आधीच नोंदलेल्या हॅशला जुळेल अशी दुसरी फाइल नंतर तयार करणं एमडी५ मध्येही आज व्यवहारात जमत नाही. त्यामुळे जुन्या प्रकरणातला एमडी५ लगेच कुचकामी ठरत नाही. पण नवं काम करताना एसएचए-२५६ च घ्या, म्हणजे कोर्टात हा वाद उभाच राहणार नाही.

आणखी एक खूण सांगते, ती पाहायला एक क्षण लागतो. आकडा `e3b0c442` ने सुरू होऊन `b855` ने संपत असेल तर थांबा. तो रिकाम्या, शून्य बाइटच्या फाइलचा हॅश आहे. कॉपी अर्धवट तुटली की असं होतं. नाव बरोबर, हॅश ‘जुळतो’, आणि आत व्हिडिओच नाही. एका प्रकरणात दाखल्यावर हाच आकडा सह्यांनिशी छापलेला मी पाहिला, आणि तो ओळखेपर्यंत मूळ फोन विकला गेला होता.

तर आज करायचं ते एवढंच. लॅपटॉपवरच्या फाइलचा हॅश काढा, पडद्याचा फोटो घ्या, आणि तो आकडा वकिलांना ईमेल करा. त्यानंतर त्या फाइलची एक प्रत नव्या पेनड्राइव्हवर घेऊन तिचाही हॅश जुळवा आणि पाकिटात बंद करा. सीसीटीव्हीवाल्याकडून १५ तारखेच्या भेटीचं लेखी घ्या. आणि अध्यक्ष किंवा आणखी कुणी म्हणेल, ‘हॅश १५ लाच काढला होता असं लिहून टाकू, कुणाला कळतंय’, तर स्पष्ट नाही म्हणा. आज काढलेल्या आकड्यावर तारीख आजचीच घाला.